अनुभव धागा: पोस्टरवर एकच गोष्ट सांगायची म्हणजे नेमकं काय काय काढून टाकलंत?

धुळ्याची_थर्ड_इयर: पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे, पोस्टर 3 बाय 4 फूट, उभं. प्रोजेक्ट गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्यांवर, म्हणजे घेतात का, मधेच सोडतात का आणि का सोडतात. माझ्याकडे सहा टेबलं आहेत आणि गाईड म्हणतात सगळी टाक, इतकी मेहनत केलीस ना! ज्यांनी पोस्टर केलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा प्लीज.

अमळनेरकर_इंटर्न: मी मधोमध मोठ्या अक्षरात एक वाक्य टाकलं आणि बाकी सगळं क्यूआर कोडमध्ये. 2019 मध्ये माईक मॉरिसनने ती आयडिया काढली तेव्हापासून लोक तसंच करतात. टेबलं, मेथड, सगळं कोडमध्ये ढकल, पोस्टर रिकामं दिसलं पाहिजे.

पीएसएमचा_जुना_रेसिडेंट: इंटर्नभाऊ, मधल्या वाक्याचं बरोबर, पण मेथड कोडमध्ये ढकलू नका. जज उभा राहतो दोन-तीन मिनिटं, हॉलमध्ये नेटवर्क असतंच असं नाही, आणि पहिला प्रश्न ठरलेला, बायका कुठल्या आणि किती, विचारलं कसं. ते चार ओळीत पोस्टरवरच पाहिजे.

आता ताई तुमचं. आकडे फक्त समजायला धरतो. 200 बायकांना विचारलं, 80 नी गोळ्या मधेच बंद केल्या, त्यातल्या 48 जणींनी मळमळ किंवा पोटाचा त्रास सांगितला. 48 म्हणजे 80 चे 60 टक्के, पण 200 चे 24 च. पोस्टरवर नुसतं मोठ्ठं "60 टक्के" छापलं तर लांबून वाचणाऱ्याला वाटतं की दर शंभरात साठ बायकांना गोळीचा त्रास होतो. म्हणून वाक्यातच लिहा, "गोळ्या बंद करणाऱ्या 80 पैकी 48 जणींनी पोटाचा त्रास सांगितला". "सांगितला" हा शब्द राहू द्या, कारण तुम्ही एकदाच मुलाखत घेतलीय, "त्रासामुळे बंद केल्या" असं छातीठोक म्हणता येत नाही.

मग सहापैकी काय ठेवायचं? त्या वाक्याला जे टेकू देतं तेवढंच. कारणांचा एकच आडवा बार चार्ट, मोठा बार वर, त्याला गडद रंग, बाकी सगळे करडे, आकडा बारच्या टोकाला. बायकांचं वय, शिक्षण, कितवं बाळंतपण हे दोन ओळीत. शिक्षण आणि गोळ्या असं टेबल असेल आणि त्यात काही निघालं नसेल तर सरळ काढा. ती टेबलं ए4 वर छापून जवळ ठेवा, गाईडही खूश, जजने विचारलं तर दाखवताही येतं.

शहाद्याची_आशाताईंची_लेक: आमच्याकडे पण सिकलसेलचं पोस्टर लावायचंय उपकेंद्रात, पावरी भाषेत कोणी लिहून देईल का? चित्र जास्त पाहिजेत.

पीएसएमचा_जुना_रेसिडेंट: ते वेगळं काम आहे ताई, ते पेशंटसाठी, इथे डॉक्टरांसमोरच्या पोस्टरचं चाललंय. वेगळा धागा काढा, मी येतो.

जळगावचा_फ्लेक्सवाला_भाऊ: मी डॉक्टर नाही, पण तुमची पोरं माझ्याच दुकानात येतात, तीपण आदल्या रात्री. पॉवरपॉइंटमध्ये साइज आधीच 36 बाय 48 इंच टाका, मागाहून ताणलं की सगळं हलतं. मला पीडीएफ द्या, पॉवरपॉइंट फाइल दिली तर माझ्या कंप्युटरवर फॉन्ट बदलतो आणि ओळ खाली सरकते. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, नुसता टाकला तर तो दाबला जातो आणि चार फुटावर दाणे दिसतात. चमकणारा फ्लेक्स घेऊ नका, ट्यूबलाइटखाली अर्धं वाचता येत नाही. लग्नाच्या बॅनरला चालतं ते.

चोपड्याची_फायनल_इयर: मी ए4 वर प्रिंट काढून भिंतीला लावली होती. पोस्टर साधारण चौपट मोठं असतं ना, म्हणजे दोन फुटावरून ए4 बघणं हे खऱ्या पोस्टरपासून आठ फुटावर उभं राहिल्यासारखंच. तिथून मधलं वाक्य आणि चार्ट वाचता आला पाहिजे, बारीक मजकूर नाही आला तरी चालतो. माझ्या रूममेटला दाखवलं, ती इंजिनिअरिंगची, विचारलं काय कळलं सांग. तिने भलतंच सांगितलं, मग मी चार्टच बदलला.

अमळनेरकर_इंटर्न: पण जजला पी व्हॅल्यू लागते हो, नसली तर मार्क कापतात.

पीएसएमचा_जुना_रेसिडेंट: तुलना असेल तिथे द्या ना. कारणांच्या टक्केवारीला कसली पी व्हॅल्यू? तिथे कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या हवं तर. बाकी मार्कांचं काही जज मागतात, काही बघत पण नाहीत.

धुळ्याची_थर्ड_इयर: सरांना 80 पैकी 48 सारखं वाक्य करून दाखवलं. म्हणाले वाक्य ठीक आहे पण टेबलं निदान तीन तरी ठेव. आता दोनवर आणायचं बघते, कुठलं तिसरं काढू ते कळत नाहीये, शिक्षणाचं की सरकारी पुरवठ्याचं?

जळगावचा_फ्लेक्सवाला_भाऊ: पुरवठ्याचं ठेवा. गोळ्या मिळतच नाहीत असं लोक म्हणतातच की.