मदत हवी आहे: मान वाकवली की पाठीतून करंट जातो, ऑपरेशन करावं की थांबावं?

हनुवटी छातीकडे नेली की मानेपासून कमरेपर्यंत क्षणभर करंट जातो. मान सरळ केली की लगेच थांबतो. एमआरआयमध्ये मानेच्या सी५-सी६ मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जारज्जूला दाबतेय, पण मज्जारज्जूत पांढरा डाग नाही. मेंदूचा एमआरआय आणि बी१२ नॉर्मल, म्हणून डॉक्टरांच्या मते कारण मानेतच आहे. फिजिओथेरपीने फरक नाही. शर्टाची बटणं नीट लागतात, चालताना तोल जात नाही, लघवीवर ताबा आहे. एक सर्जन ऑपरेशन सांगतात, दुसरे थांबायला. मला भीती आहे ती नकळत हातांची ताकद जाण्याची. असा दाब असताना ज्यांनी वाट पाहिली, त्यांना बिघाडाची पहिली खूण कोणती जाणवली आणि एमआरआय पुन्हा कधी केला?