मदत हवी आहे: प्रश्नावलीत एक प्रश्न चुकीचा छापला गेला, भरून दिलेल्या सेविकांना काय कळवायचं?

रानजाई
प्रबंधासाठी अंगणवाडी सेविकांचं सर्वेक्षण केलंय. दुसऱ्या छपाईत सातव्या प्रश्नाचा अर्थच उलटा छापून आलाय आणि ते फॉर्म भरूनही झालेत. आता सगळ्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवायचं आहे. कोणाकडे नमुना असेल तर आजच द्या, गाईडना उद्या दाखवायचंय. मी लिहिलेला मजकूर असा: "प्रश्न क्र. ७ मध्ये छपाईची चूक झाली आहे. तुम्ही चिडचिड आवरू शकता का असे विचारायचे होते. कृपया योग्य उत्तर पुन्हा कळवावे." चालेल का?

वकीलवाडा
नोटीस नेहमी पोस्टाने, पोचपावतीसह द्यावी. व्हॉट्सअॅपवर दिलेली नोटीस पुढे वादाचा मुद्दा होते. भाड्याच्या प्रकरणात माझा अनुभव आहे.

रानजाई
कायदेशीर नोटीस नाही हो, फक्त कळवायचंय.

आकडेमोड
ताई, नमुना देण्याआधी थोडी माहिती हवी. प्रश्नाचा मूळ मजकूर काय आणि छापून काय आला? मापनी कोणती? फॉर्मवर नाव आहे का? पहिल्या आणि दुसऱ्या छपाईचे फॉर्म वेगळे ओळखता येतात का?

रानजाई
पीएसएस, म्हणजे जाणवणारा ताण मोजायची मापनी, दहा प्रश्नांची. मूळ: "गेल्या महिन्यात तुम्हाला तुमची चिडचिड किती वेळा आवरता आली?" छापलंय: "किती वेळा आवरता आली नाही?" पहिल्या १४० प्रती बरोबर आहेत. त्या संपल्यावर दुसऱ्या दुकानात फाइल उघडताना फाँट फुटला, तिथल्या मुलाने दुसरं पान परत टाइप केलं आणि एक "नाही" जास्तीचं घुसलं. त्या छपाईत उत्तरांच्या चौकटीला रेषा नाहीत, त्यामुळे फॉर्म बघताच कळतं. असे १६३ भरून आलेत. नाव नाही, संमतिपत्र वेगळं आहे.

खडूफळा
मग एवढी चिंता कशाला? पीएसएसमध्ये ४, ५, ७, ८ हे प्रश्न होकारार्थी असतात आणि त्यांचे गुण उलटे मोजतात. तुमचा सातवा नकारार्थी झाला ना, मग त्या १६३ फॉर्ममध्ये सातवा उलटा न मोजता सरळ मोजा. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. मी बीएडच्या प्रकल्पात हेच केलं होतं, कोणी काही म्हणालं नाही.

श्रीलिपी_जुना
फाँट फुटला म्हणजे फाइल श्रीलिपीत असणार. कितीदा सांगितलं लोकांना, युनिकोडमध्ये टाइप करा आणि दुकानात पीडीएफच न्या. वर्डची फाइल कधीही नेऊ नये.

कोकणमेवा
युनिकोडमध्येही रफार आणि जोडाक्षरं फुटतात, इनडिझाइन जुनं असेल तर.

श्रीलिपी_जुना
जुनं असेल तर फुटणारच. कंपोजर बदला.

आकडेमोड
फाँटसाठी वेगळा धागा काढा, ताईंना घाई आहे.

खडूफळा, गुण उलटवायचे हे बरोबर आहे, पण सरळ मोजून प्रश्न मूळ जागी येत नाही. "किती वेळा आवरता आली" याला "कधीकधी" म्हणणारी बाई "किती वेळा आवरता आली नाही" यालाही "कधीकधी" म्हणू शकते. ज्या बाईला महिनाभर चिडायचा प्रसंगच आला नाही, ती दोन्हीकडे "कधीच नाही" वर गोल करेल. सरळ मोजलं तर तिला शून्य आणि मूळ प्रश्नावर उलटं मोजलं तर चार. वर काही जणी "नाही" न वाचता पुढे जातात, कारण आधीचे दोन-तीन प्रश्न वाचून पुढचा कसा असेल हे डोक्यात बसलेलं असतं. कोणी काय वाचलं हे फॉर्मवरून कळत नाही.

नकाराने काय होतं याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९२ साली रोपर संस्थेने ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल विचारलं, ते कधी घडलंच नाही हे शक्य वाटतं की अशक्य वाटतं. २२ टक्के लोक "शक्य" म्हणाले आणि खळबळ उडाली. १९९४ मध्ये साध्या वाक्यात परत विचारलं तेव्हा तो आकडा एक टक्क्याच्या आसपास आला. जुन्या उत्तरांवर गणित करून कोणी खरा आकडा काढला नाही, प्रश्न नव्याने विचारावा लागला.

खडूफळा
ते दुहेरी नकाराचं आहे, इथे एकच "नाही" आहे. आणि दहातला एक प्रश्न, किती फरक पडणार?

आकडेमोड
किती फरक पडतो ते मोजता येतं. एका प्रश्नाला ० ते ४ गुण. म्हणजे बाकीच्या नऊ प्रश्नांची बेरीज घ्यायची, खरी एकूण बेरीज त्या आकड्यापासून त्यात चार मिळवून येणाऱ्या आकड्यापर्यंत कुठेही असेल. ताई, तुम्ही गट पाडणार आहात का? बरेच जण १३ पर्यंत कमी, १४ ते २६ मध्यम, त्यापुढे जास्त असं धरतात.

रानजाई
हो, हेच गट.

आकडेमोड
मग नऊ प्रश्नांची बेरीज १८ असलेली सेविका १८ ते २२ मध्ये असेल, म्हणजे काहीही झालं तरी मध्यमच. पण बेरीज ११ असेल तर ११ ते १५, कमी की मध्यम सांगता येत नाही. थोडक्यात १० ते १३ आणि २३ ते २६ या बेरजांचेच फॉर्म अडतात. ते आधी मोजा. गाईडना "१६३ फॉर्म गेले" असं सांगणं आणि "इतक्या जणींचा गट ठरवता येत नाही" असं सांगणं यात खूप अंतर आहे.

दुसरं, याच मापनीची चार प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. ती तुमच्या फॉर्ममधल्या २, ४, ५ आणि १० या प्रश्नांची. सातवा तिच्यात नाही. म्हणजे सगळ्या फॉर्मवर एकसारखी मोजता येईल अशी एक बेरीज तुमच्या हातात आहे. ती दहा प्रश्नांइतकी भरवशाची नाही, पण चुकीच्या प्रश्नाचा तिला स्पर्श नाही. तोलून बघायला तरी उपयोगी पडेल.

आता पत्राकडे. तुमच्या मजकुरात "योग्य उत्तर" हा शब्द नको, सेविकेला वाटेल तिचं उत्तर चुकलं. आणि फक्त सातवा परत विचारून फायदा नाही. फॉर्म निनावी आहेत, नवं उत्तर कोणत्या फॉर्मला जोडणार?

रानजाई
अरे हो, हे लक्षातच आलं नव्हतं. मग पत्र कशाला पाठवायचं? सोडूनच द्यायचं का?

वासंतीताई
मी मुख्यसेविका होते, निवृत्त झाले. पत्र पाठवाच. बायकांनी वेळ काढून लिहून दिलंय. पण एक सांग, फॉर्म कुठे भरून घेतलेस? बीट बैठकीत का, एका पर्यवेक्षिकेकडच्या सगळ्या सेविका जमतात तिथे?

रानजाई
हो ताई, बीट बैठकीतच. पाच बीट झाले. पहिल्या दोन बीटना जुन्या प्रती, शेवटच्या दोनना नव्या. मधल्या बीटमध्ये जुन्या प्रती संपल्या म्हणून दोन्ही वाटल्या. पर्यवेक्षिकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पत्र टाकू का?

वासंतीताई
पर्यवेक्षिकेने गटावर टाकलं की तो आदेश वाटतो. "उद्यापर्यंत सगळ्यांनी भरून द्या" अशी ओळ तीच खाली जोडेल, वाईट हेतू नसतो, सवय असते. आणि कोणीतरी गटावरच "माझं उत्तर ३" असं टाकून मोकळी होईल, सगळ्यांसमोर. तू स्वतः बैठकीला जा, छापील कागद हातात दे आणि वाचून दाखव.

भटक्या_७७
माझ्या आईचं नाव घरोघरच्या सर्वेक्षणात चुकीचं लिहिलंय, पोर्टलवर दुरुस्ती दिसत नाही. इथे कोणाला माहिती आहे का, कुठे अर्ज करायचा?

वासंतीताई
तो विषय वेगळा आहे रे बाबा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला भेट.

आकडेमोड
वासंतीताईंच्या मुद्द्यात एक भर. मधल्या बीटमध्ये कोणाला कोणती प्रत मिळाली हे त्यांना आठवणार नाही, तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून पत्र त्या बीटमधल्या सगळ्यांना द्या आणि तसं स्पष्ट लिहा. आणखी एक महत्त्वाचं, बैठकीत कोणाला गुण सांगितले होते का?

रानजाई
माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणीने चौथ्या बीटमध्ये काही जणींना बेरीज करून सांगितली होती, त्यांनी आग्रह केला म्हणून. तिच्याकडे मोजायची जुनी किल्ली होती. एका ताईंना "मध्यम ताण, १५" सांगितल्याचं मला आठवतंय. त्यांचा फॉर्म माझ्यासमोर आहे, वर कोपऱ्यात मैत्रिणीने पेन्सिलीने १५ लिहून गोल केलाय. सातव्याला "जवळजवळ कधीच नाही".

आकडेमोड
म्हणजे त्या ताई सांगत होत्या की चिडचिड आवरता आली नाही असं जवळजवळ कधीच झालं नाही. चांगली गोष्ट. त्याचा १ गुण किल्लीप्रमाणे उलटवून ३ झाला. बाकी नऊची बेरीज १२ असणार, १२ आणि ३ मिळून १५. खरी बेरीज १२ ते १६ मध्ये कुठेतरी, म्हणजे "कमी" सुद्धा असू शकते. पत्राची सगळ्यात जास्त गरज या बायकांना आहे. त्यांना स्पष्ट सांगा की सांगितलेला आकडा धरू नका, आणि ही मापनी आजाराचं निदान करत नाही.

असं काहीसं लिहा:

"नमस्कार. बीट बैठकीत तुम्ही भरून दिलेल्या प्रश्नावलीच्या काही प्रतींत प्रश्न क्र. ७ चुकीचा छापला गेला. 'चिडचिड किती वेळा आवरता आली' याऐवजी 'आवरता आली नाही' असे छापले होते. चूक छपाईतली आहे, तुमच्या उत्तरात नाही. बीट १ आणि २ मधील प्रती बरोबर होत्या. बीट ४ आणि ५ मधील सर्व प्रतींत ही चूक होती. बीट ३ मध्ये दोन्ही प्रकारच्या प्रती होत्या आणि फॉर्मवर नाव नसल्याने कोणाला कोणती मिळाली हे आम्हाला सांगता येत नाही. चुकीच्या प्रतींतील प्रश्न ७ चे उत्तर आम्ही वापरणार नाही. बाकी नऊ उत्तरे तशीच राहतील. बैठकीत तुम्हाला गुण सांगितले असतील तर ते ग्राह्य धरू नका. तुम्हाला काहीही परत भरून द्यायचे नाही. शंका असल्यास या क्रमांकावर मला थेट विचारा."

"तुमचा फॉर्म काढून टाकू" असं वचन देऊ नका, निनावी फॉर्म शोधता येणार नाही. आणि हे एथिक्स कमिटीला दाखवल्याशिवाय वाटू नका. मंजूर प्रश्नावलीपेक्षा वेगळी प्रत वापरली गेली ही गोष्ट त्यांना कळवावीच लागते, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच आहे.

खडूफळा
पण "काहीही परत भरू नका" कशाला? तिन्ही बीटमध्ये दहाही प्रश्न नव्याने भरून घ्या, स्वच्छ माहिती मिळेल. अर्धवट माहितीवर प्रबंध लिहिण्यापेक्षा ते बरं.

आकडेमोड
तो पर्याय आहे, मी नाकारत नाही. पण मापनी "गेल्या महिन्यात" विचारते. आता भरलं तर महिना दुसरा. पहिल्या दोन बीटचा ताण एका महिन्याचा, बाकीच्यांचा दुसऱ्याचा. मार्चमध्ये अहवालांची गर्दी असेल तर तुलनाच बिघडेल.

वासंतीताई
मार्चमध्ये तर नकोच. पोषण ट्रॅकरच्या नोंदी, वजनं, सगळं एकदम येतं. आणि परत तोच कागद दिला की बायका घाईत गोल करतात.

खडूफळा
मग पाचही बीटमध्ये एकाच महिन्यात घ्या.

आकडेमोड
ते केलं तर चालेल. वेळ आणि परवानगी असेल तर तेच उत्तम.

रानजाई
नऊ प्रश्नांच्या बेरजा आत्ता केल्या. १६३ पैकी ४१ जणी अडतात, बाकीच्यांचा गट पक्का आहे. गाईडना दोन्ही पर्याय आणि पत्राचा मसुदा दाखवते. सातव्याची मूळ उत्तरं फाइलमधून पुसू का?

आकडेमोड
पुसू नका. वेगळ्या रकान्यात ठेवा आणि शेजारी छपाई १ की २ ते लिहा. परीक्षकाने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

भटक्या_७७
ग्रामसेवक मंगळवारीच येतात म्हणे.