टू-पिन ती टू-पिन, ०.०३ मिमीचा कसला बाऊ?

रानवारा: इयरफोनच्या सुट्या केबलची पिन ०.७५ मिमीची की ०.७८ ची, हा केबल विकणाऱ्यांचा खेळ आहे. तीन शतांश मिलिमीटरने काय होतं? दोन पिना दिसल्या की जोर लावून दाबा, बसते.

तारकरी: "जोर लावून दाबा" वाचून राहवलं नाही. ०.७८ ची पिन ०.७५ च्या सॉकेटात कोंबली की आतली धातूची नळी फाकते, कधी भोवतालचं प्लास्टिकही तडकतं. मग मूळ केबल परत लावली तरी ढिली बसते आणि मान वळवली की एका कानाचा आवाज जातो. याहून जास्त नुकसान प्लगच्या आकाराने होतं. सॉकेट इयरफोनच्या कवचाच्या बाहेर उंच आलेलं असेल तर त्यावर चढणारी टोपी असलेला, क्यूडीसी धाटणीचा प्लग लागतो. तोच सपाट सॉकेटला लावला तर टोपीची कड कवचाला टेकते, पिना अर्धवट आत राहतात आणि हिसका बसला की वाकतात. आधी सॉकेट बघा, पिन नंतर.

मोजमाप: व्हर्नियरने पिन मोजा, वाद मिटला.

तारकरी: कसा मिटेल? साधा डिजिटल कॅलिपर ०.०१ दाखवतो, पण त्याची स्वतःचीच चूक ०.०२ च्या आसपास असते. कंपनीने दिलेलं माप धरा.

सांजवेळ: म्हणूनच मी पिना सोडून एमएमसीएक्स या गोल कनेक्टरवर गेले. टक् आवाज आला की बसलं, मापाची कटकट नाही.

रानवारा: आणि वर्षभरात खरखर सुरू! गोल फिरत राहतं, आतला संपर्क झिजतो. माझ्या इयरफोनची एक बाजू त्यातच गेली.

सांजवेळ: तुम्ही सारखी केबल काढत असाल. मी काढतच नाही, व्यवस्थित चाललंय.

तारकरी: एमएमसीएक्स मुळात रेडिओ-लहरींच्या उपकरणांसाठी आहे, रोज काढघाल करायला नाही. त्यातही ऑडिओ-टेक्निकाचं एटूडीसी तसंच गोल दिसतं, पण ते वेगळं. टक् झालं नाही तर थांबा, दाबू नका.

पडघम: माझ्या मोठ्या हेडफोनला दोन्ही कपांत ३.५ चे जॅक आहेत. घरातली साधी ऑक्स केबल चालेल का?

मोजमाप: नाही. तिथे प्रत्येक कपाला वेगळं टोक जातं.

रानवारा: टोपीचं मान्य, ते डोळ्यांना दिसतं. पण सपाट टू-पिन उलटी लावली तरी आवाज येतोच की!

तारकरी: येतो. दोन्ही बाजू उलट्या असतील तर बहुधा कळणारही नाही. एकच उलटी असेल तर बास पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता पसरतो. मोनो रेकॉर्डिंग लावून बघा.

रानवारा: बघतो. ०.०३ चं मात्र अजून पटलेलं नाही.