गणपतीतली गाणी : दीड दिवस नव्हे, पाच दिवसांची यादी

ए-302: सी-104, सोसायटीच्या गणपतीत सकाळी लावायच्या गाण्यांची तुझी यादी पाहिली. पहिलं गाणं भूप रागातली बासरी आहे. ती संध्याकाळी घ्यावी असं वाटतं.

सी-104: काकू, भूपाळी सकाळचीच असते ना? म्हणून "भूप" शोधून टाकली.

ए-302: अरे, तिथेच गफलत होते. भूपाळी म्हणजे देवाला पहाटे जागं करण्याचं गाणं. भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. त्याच स्वरांचा सकाळचा राग देसकार, बासरी हवीच तर त्यातली घे. सुरुवात "उठा उठा हो सकळिक"ने कर, गणपतीचीच भूपाळी आहे.

सचिव काका: पण स्पीकर सहाच्या आधी नको. रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे. आवाज मंडपापुरता ठेवा, बी विंगमध्ये तान्हं बाळ आहे.

सी-104: बरं, 6:15 ला भूपाळी. 7:30 च्या आरतीला "सुखकर्ता"चं रेकॉर्डिंग लावू का? ते यादीत आहे.

बी-401: आरत्या यादीतून काढच. गेल्या वर्षी रेकॉर्डिंगमधला आवाज पुढे गेला आणि आपण "लवथवती"च्या दुसऱ्या कडव्यावर अडकलो. टाळ एकीकडे, तबला दुसरीकडे. मुलांनी शेवटी म्हणणंच सोडलं. आरती माणसांनी म्हणायची. ज्यांना पाठ नाही त्यांच्यासाठी आरतीसंग्रहाच्या दहा प्रती मंडपात ठेवते.

सी-104: मग आरतीच्या आधी गाणं मध्येच तोडावं लागेल.

बी-401: नाही लागणार. संध्याकाळची आरती 7:30 ची. 6:45 ला "शुभं करोति", मग अभंग, पण सगळं मिळून 35 मिनिटांचंच. त्यानंतर सनई ठेव. सनई कुठेही हळूहळू कमी केली तरी खटकत नाही, अभंग अर्ध्यात तोडला की जिवाला लागतं. घंटा वाजली की सनई खाली.

ए-302: आणि किशोरीताईंचं "अवघा रंग एक झाला" सकाळी टाकलंय, ते रात्री आण.

डी-203: पण ते भैरवीत आहे काकू, भैरवी सकाळचीच ना?

ए-302: वेळ सकाळचीच, बरोबर. पण मैफल भैरवीनेच संपवायची रीत आहे. सोयराबाईंचा तो अभंग ऐकल्यावर दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. 9:30 ला तो, मग शेजारती, आणि 10 च्या आत शांतता.

सी-104: लावतो. शफल बंद केलंय. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होत होतं, तेही सेटिंग बंद केलं. गाणी डाउनलोड करून ठेवतो, गेल्या वेळी "घालीन लोटांगण"च्या आधी साबणाची जाहिरात वाजली होती.

सचिव काका: दुपारचं काय?

ए-302: दुपारी 1 ते 4 काहीच नको. नैवेद्य झाला की देवालाही विश्रांती आणि आपल्यालाही.

सी-104: ठीक. नवी यादी रात्रीपर्यंत टाकतो. सनईचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर पाठवा.