मदत हवी आहे : लेव्हल टू सर्टिफिकेट ‘ॲक्रेडिटेड नाही’ म्हणून परत आलं

वेल्ड_चाकण: अर्जंट आहे. कंपनी बदलली. नव्या कंपनीने माझी एनडीटीची, म्हणजे वेल्ड न तोडता तपासायच्या कामाची, कागदपत्रं क्लायंटला पाठवली, तर शेरा आला की सर्टिफिकेट ॲक्रेडिटेड नाही. सर्टिफिकेट खरं आहे, परीक्षा दिली आहे, पाच वर्षांची मुदतही संपलेली नाही. इन्स्टिट्यूट आयएसओ सर्टिफाइड आहे. आता अजून काय हवं?

गंजलेला_खिळा: मेथड कुठली? यूटी, आरटी, पीटी? सर्टिफिकेटवर स्टँडर्ड कुठलं लिहिलंय आणि सही कोणाची?

सांगलीकर: सोपं आहे. एनएबीएलचा शिक्का असलेली इन्स्टिट्यूट शोधा, विषय संपला.

गंजलेला_खिळा: नाही हो. एनएबीएल लॅबना मान्यता देतं, माणसांना सर्टिफिकेट देणाऱ्यांना नाही. आपल्याकडे ते काम एनएबीसीबीचं, ब्रिटनमध्ये यूकेएएसचं.

वेल्ड_चाकण: यूटी, अल्ट्रासोनिक. स्टँडर्ड एसएनटी-टीसी-१ए. सही जुन्या कंपनीच्या लेव्हल थ्रीची, ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये. यावर अडलंय का?

दक्ष_निरीक्षक: यावरच अडलंय. एसएनटी-टीसी-१ए म्हणजे कंपनीने आपल्या माणसांना कसं पात्र ठरवावं याची शिफारस. कंपनी स्वतःची लेखी पद्धत बनवते, तिचा लेव्हल थ्री परीक्षा घेतो आणि सर्टिफिकेट कंपनी देते. त्यामुळे कंपनी सोडली की ते संपलं, मुदत शिल्लक असली तरी. नव्या कंपनीने तुम्हाला तिच्या लेखी पद्धतीप्रमाणे नव्याने सर्टिफाय करायला हवं होतं. जुनाच कागद पाठवणं ही त्यांची चूक.

इन्स्टिट्यूटचं आयएसओ बहुतेक ९००१ असणार. त्यात ऑफिसचा कारभार पद्धतशीर चालतो का एवढंच तपासतात. तुमचा प्रोब वेल्डवर नीट फिरतो का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

क्लायंटला बहुधा एनडीटी करणाऱ्या माणसांसाठीच्या आयएसओ ९७१२ चं सर्टिफिकेट हवंय, तेही आयएसओ १७०२४ खाली ॲक्रेडिटेशन असलेल्या संस्थेचं. म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यालाही कोणीतरी बाहेरचा येऊन तपासतो: प्रश्नपत्रिका फुटत नाहीत ना, प्रॅक्टिकलच्या तुकड्यात कुठे दोष आहे हे आधीच ठाऊक असलेला उमेदवार बसत नाही ना, शिकवणाराच आपल्या विद्यार्थ्याला पास करत नाही ना. क्लायंट दर माणसाची परीक्षा स्वतः घेऊ शकत नाही, म्हणून तो या साखळीवर भिस्त ठेवतो.

बॉयलरवाला: उगाच घाबरवू नका. अमेरिकन एएसएमई कोडची कामं एसएनटीवर चालतात, सेक्शन फाइव्हला ते मान्य आहे. ९७१२ म्हणजे पैसे काढायचा धंदा.

दक्ष_निरीक्षक: एएसएमईला चालतं, मान्य. पण काम कुठल्या कोडवर आहे हे धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही. आणि एसएनटीत सरासरी ८० लागते, कुठल्याही एका पेपरात ७० च्या खाली नाही. ९७१२ मध्ये प्रत्येक भागात ७०. म्हणजे परीक्षा सोपी-अवघड हा वाद नाहीच. ती घेतली कोणी, हा प्रश्न आहे.

मीनल_पी: मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स करतेय, त्यालाही १७०२४ लागतं का?

गंजलेला_खिळा: ताई, कोर्स पूर्ण केल्याचा कागद आणि परीक्षेवर दिलेलं सर्टिफिकेट वेगळं. १७०२४ दुसऱ्याला लागू. नवीन धागा काढा, इथे गोंधळ होईल.

वेल्ड_चाकण: प्रेशर व्हेसल, जर्मनीला जाणार आहे. मग आता ॲक्रेडिटेड संस्था कशी ओळखू? सगळ्यांच्या वेबसाइटवर लोगो असतातच.

दक्ष_निरीक्षक: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना!

लोगोवर जाऊ नका. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव घेऊन एनएबीसीबी किंवा यूकेएएसच्या साइटवरच्या यादीत शोधा. सापडलं तर तिथलं ‘स्कोप’ उघडा आणि त्यात ९७१२ आणि यूटी दोन्ही लिहिलंय का बघा. संस्थेला मान्यता मिळते ती ठरावीक योजनेसाठी, सरसकट नाही. कधी संस्थेची मान्यता दुसऱ्याच योजनेसाठी असते आणि लोगो मात्र सगळीकडे छापलेला असतो. मान्यता चालू आहे की स्थगित, तेही तिथेच दिसतं.

पण जर्मनी म्हणजे युरोपचं प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्ह, २०१४/६८/ईयू. कॅटेगरी तीन आणि चारच्या व्हेसलच्या वेल्डसाठी एनडीटी करणारा माणूस तिथल्या सदस्य देशाने मान्यता दिलेल्या त्रयस्थ संस्थेने मंजूर केलेला लागतो. नुसतं १७०२४ वालं ९७१२ तिथे पुरेलच असं नाही. वेगळी पीईडी मंजुरी घ्यावी लागू शकते. ब्रिटनच्या पीसीएनसारख्या योजनेत तशी मंजुरी जोडून मिळते, पण ब्रेक्झिटनंतर ती तुमच्या क्लायंटला चालते का, हे लेखी विचारा.

बॉयलरवाला: बघा, पैसे काढायचा धंदाच.

सांगलीकर: डोळ्यांचं वार्षिक सर्टिफिकेट जोडायला विसरू नका.

वेल्ड_चाकण: कॅटेगरी कुठली ते ड्रॉइंगवर असेल का? शिफ्ट सुटायच्या आत क्यूसीला गाठतो.

गंजलेला_खिळा: डिझाइनवाल्यांना विचार. दाब, आकारमान आणि आत काय भरणार यावर ठरते ती. आणि क्लायंटचा शेरा जसाच्या तसा इथे चिकटव, आत्तापर्यंत आम्ही अंदाजच लावतोय.