उत्तर: फोटोवर कपडे जुळवताना

> लातूरहून आठ दिवस म्हैसूर-उटीला चाललोय. स्वतःच्या फोटोवर कपडे चढवून बघायचं अ‍ॅप घेतलं, पण जोड्या खोट्या वाटतात. काय चुकतंय?

ताई, आधी तुमचा फोटो बघा. डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि कुर्त्याची लांबी फसते. फोन कमरेच्या उंचीवर टेकवा, आठ-दहा फूट मागं सरका, टायमर लावा. अंगावर साधा, अंगाबरोबरचा टीशर्ट आणि लेगिंग. ओढणी नको आणि हात अंगापासून थोडे सुटे ठेवा, नाहीतर बाह्या कंबरेला चिकटतात.

कपड्यांचे फोटो सकाळी सावलीत काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात रंग पार उडून जातो. मी ट्यूबलाइटखाली काढलेला मोरपंखी कुर्ता निळा आला अन् सगळ्या जोड्या चुकल्या.

माझ्या उटीच्या सहलीसाठी मी अ‍ॅपमध्ये चार कुर्ते आणि तीन पँट घेतल्या, म्हणजे बारा जोड्या. मोहरी रंगाचा कुर्ता एकाच पँटवर शोभला, म्हणून तो घरीच राहिला. उरलेल्या नऊ जोड्या आठ दिवसांना पुरल्या. उटीच्या थंडीसाठी स्वेटर आणि हिमरू शाल नऊही जोड्यांवर ठेवून बघितली.

लांबीवर मात्र अ‍ॅपचा भरवसा धरू नका. माझा गुडघ्याच्या वर संपणारा कुर्ता त्यानं पोटरीपर्यंत नेला. कापड किती पारदर्शक आहे, बसल्यावर कुठं ओढतं, हेही फोटोत कळत नाही. निवडलेल्या जोड्या एकदा अंगात घालून खुर्चीवर बसून बघाच.