चिकटलेलं ड्रेसिंग: ओढू नका, भिजवा

"आईच्या नडगीवरच्या जखमेचं गॉज सुकून चिकटलंय. ओढून काढू का?"

अजिबात ओढू नका. जखमेतला स्राव गॉजच्या जाळीत सुकतो, त्यातच जखमेत नव्याने भरून येणारं कोवळं लाल मांस अडकतं. ओढलं की तेच उपटून येतं. आपल्या मुंबईत कुठल्याही नाक्यावरच्या केमिस्टकडे ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन मिळतं. हात धुवून ते गॉजवर चिंब होईस्तोवर ओता, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग एका हाताने त्वचा दाबून धरा आणि कडेपासून गॉज वर न उचलता त्वचेलगत मागे दुमडत न्या. कातडी गॉजबरोबर ताणली जाऊन वर आली, तर अजून सुटलेलं नाही. तिथे पुन्हा ओता. थोडं रक्त आल्यास स्वच्छ गॉजने दाबा. थांबलं नाही किंवा टाके असतील तर डॉक्टरांकडेच न्या. नवं ड्रेसिंग न चिकटणाऱ्या पॅराफिन गॉजचं चालेल का, हेही त्यांना विचारा.